रेनपँट बसायच्या जागी गळते: स्प्रे आधी नको, टेप आधी

प्रश्न: "म्हापसा-पणजी रोज स्कूटर. रेनपँटवर '१०,००० मिमी वॉटरप्रूफ' लिहिलंय, पण पर्वरीपर्यंत पोचेस्तोवर बसायची जागा ओली होते. दुकानदार म्हणतो वॉटर रिपेलंट स्प्रे मारा, सगळं ठीक होईल. मारू का?"

आत्ता मारू नका. स्प्रे वाईट नसतो, पण तुमचं दुखणं बहुतेक वेगळ्या जागी आहे.

स्प्रे मारून जे परत येतं ते डीडब्ल्यूआर, म्हणजे कापडाच्या बाहेरच्या धाग्यांवरचा पाणी झटकणारा थर. त्याच्यामुळे थेंब मोत्यासारखे घरंगळतात. तो गेला की कापड गडद पडतं आणि जड होतं, पण पाणी आत येईलच असं नाही. पाणी अडवायचं काम आतल्या लॅमिनेटचं, म्हणजे कापडाला चिकटवलेल्या मेम्ब्रेन नावाच्या पातळ पडद्याचं, किंवा स्वस्त पँटमध्ये पीयूच्या, म्हणजे पॉलीयुरेथेनच्या, कोटिंगचं असतं. ते १०,००० मिमी त्याचंच माप आहे: कापडाचा एक सलग तुकडा तेवढ्या उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतो. त्या मापात शिवण धरलेली नसते.

बसल्यावर काय होतं ते बघा. ६० किलोचा माणूस साधारण ६०० चौरस सेंटीमीटरवर टेकला, तर सरासरी दाब दर चौरस सेंटीमीटरला ०.१ किलो, म्हणजे १,००० मिमी पाणी. मधल्या शिवणीपाशी तो याहून जास्त. धड कापडाला हे काहीच नाही. पण शिवणीत सेंटीमीटरला तीन-चार टाके असतात आणि प्रत्येक टाका म्हणजे मेम्ब्रेनला आरपार भोक. त्यातला धागाही पाणी ओढून आत आणतो. म्हणून आतून गरम गोंदाची टेप लावतात. बसायच्या जागी चार शिवणी एकत्र येतात. तिथे टेपवर टेप चढते, कडेला बारीक पोकळी राहते, आणि सीटवर साचलेलं पाणी नेमकं तिथेच दाबलं जातं.

खात्री करायची तर पँट उलटी करून कमरेकडून तेवढा भाग पिशवीसारखा धरा, आत लिटरभर पाणी ओता आणि बाहेरून टिश्यू लावा. शिवणीच्या रेघेवर थेंब फुटले तर टेप गेली. सगळीकडून पाझरलं तर कोटिंग गेलं. कुठेच काही नाही, तर बहुतेक तो तुमचाच घाम. जुलैतल्या आपल्या हवेत बाहेरच इतका दमटपणा असतो की चांगलं मेम्ब्रेनसुद्धा वाफ फारशी बाहेर टाकू शकत नाही.

आता राग येतो ती गोष्ट. नाव घेत नाही, पण एका सर्व्हिस काउंटरवर पँट न उघडता, आतबाहेर दोन्हीकडून स्प्रे मारून परत दिली जाते. आतल्या बाजूला रिपेलंट बसलं की नवी टेप धरतच नाही. जे पाणी झटकतं ते गोंदही झटकतं. धुण्याच्या पाण्यात मिसळायचं रिपेलंटही हेच करतं. म्हणून आधी टेप, मग रिपेलंट, तेही फक्त बाहेरून.

टेप लावताना जुनी सुटलेली पट्टी कोमट इस्त्रीने सैल करून सोला. राहिलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि रात्रभर सुकू द्या. साधारण २० मिमी रुंद पीयू टेप घ्या. आत जाळीचं अस्तर चिकटवलेलं असेल तर थ्री-लेयरची टेप वेगळी मिळते. इस्त्री सिंथेटिकवर, वाफ बंद, मध्ये बेकिंगचा न चिकटणारा कागद. घासू नका, दहाएक सेकंद दाबून धरा. आधी कोपऱ्यात तुकडा लावून बघा, कारण प्रत्येक इस्त्रीचा ताप वेगळा. कडेने गोंदाची बारीक चमकती रेघ दिसली की बसली. पूर्ण थंड होईपर्यंत ओढू नका. चार शिवणींच्या जोडावर तीन-चार सेंटीमीटरची गोल चकती वरून लावा. टोकं असतील तर तिथूनच सुटते. मग पुन्हा पाणी ओतून बघा.

सिलिकॉन लावलेल्या नायलॉनवर यातली कुठलीच टेप चिकटणार नाही, त्याला सिलिकॉन सीलरच लागतो. आणि पीयू चिकट झालं असेल, आंबूस वास येत असेल, पापुद्रे पडत असतील, तर पैसे घालवू नका. उष्ण दमट हवेत पीयू असंच विघटित होतं आणि ओली पँट डिकीत घडी करून ठेवली की आणखी लवकर. (माझं मत: डिकीत ठेवायला स्वस्तातली, लॅमिनेट नसलेली जाड पीव्हीसीचीच बरी. घाम येतो, पण वेल्ड केलेल्या शिवणी निदान गळत नाहीत.)