दहावीचं वेळापत्रक चार दिवसांत का मोडतं?

नाशिकमध्ये दहावीच्या मुलांना शिकवतो. मुलं हौसेनं वेळापत्रक बनवतात, पण चार दिवसांत ते मोडतं. कसं शिकवू?

पहिल्याच दिवशी वेळापत्रक बनवून घेऊ नका. तीन दिवस मुलांना फक्त नोंद करू द्या: किती वाजता काय केलं. सातपूरच्या एका मुलीनं रोज सहा तास अभ्यास ठरवला होता. शाळा, क्लास आणि येण्याजाण्याचा वेळ वजा केल्यावर हातात जेमतेम अडीच तास उरत होते. मग मोडणारच!

दुसरी चूक ध्येयात असते. ‘७ ते ८ भूमिती’ हे ध्येय नव्हे, तासभर वही उघडी ठेवली तरी ते पूर्ण होतं. त्याऐवजी ‘वर्तुळ प्रकरणातली चार उदाहरणं पुस्तक मिटून सोडवणं’ असं लिहायला लावा. झालं की नाही, ते मुलाला स्वतःलाच कळतं.

त्या मुलीनं वेगाने संपणाऱ्या कामाला नव्हे, तर अडणाऱ्या भूमितीला दीड तास दिला आणि अर्धा तास इतिहासाला. उरलेला अर्धा तास मोकळा. चार उदाहरणांना एक तास लागेल असा तिचा अंदाज होता, लागली ९० मिनिटं. बहुतेक मुलांचा अंदाज असाच कमी पडतो, म्हणून अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ शेजारी लिहायला सांगा. राहिलेलं काम त्या मोकळ्या अर्ध्या तासात जातं, दुसऱ्या दिवसावर ढकललं जात नाही.

दर रविवारी वही तपासा. एकच काम तीनदा पुढे गेलं असेल, तर बहुधा आळस नसतो, तो भागच समजलेला नसतो.