'नकली' माणिक नेमकं किती प्रकारचं?

"अंगठीच्या बिलावर 'सिंथेटिक माणिक' लिहिलंय. सोनार म्हणतात, हे नकली नाही. मग इमिटेशन, डबलेट, कॉम्पोझिट म्हणजे काय? मराठीत सगळ्याला नकलीच म्हणायचं ना?"

तुमच्या सोनारांचं बरोबर आहे. 'नकली'त नक्कल आहे, म्हणून तो शब्द इमिटेशनलाच शोभतो: लाल काच माणकासारखी दिसते, पण माणिक नसते. सिंथेटिक माणिक मात्र माणिकच असतं. खाणीतल्या माणकासारखंच तेही अॅल्युमिनियम ऑक्साइड आणि रंगापुरतं क्रोमियम, फक्त भट्टीत घडलेलं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नय यांच्या पद्धतीत ज्योतीतून वितळत पडणारी भुकटी गोलसर माथ्यावर थरांनी साचते, म्हणून दहापट भिंगाखाली ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वक्र रेषा दिसू शकतात. खाणीतल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ, कोनात वळलेल्या असतात.

कोशांत 'संश्लेषित' सापडेल, पण मला तो इथे खटकतो. श्लेष म्हणजे जोडणं, चिकटणं. ऐकणाऱ्याला वाटेल, तुकडे जोडलेत! 'प्रयोगशाळेत घडवलेलं माणिक' म्हणावं.

खरोखर जोडलेला तो डबलेट. मी त्याला 'जोडखडा' म्हणेन, जोडाक्षरासारखा. जुन्या प्रकारात वर तामड्याची, म्हणजे गार्नेटची, पातळ चकती आणि खाली रंगीत काच असते. हिरवा जोडखडा पालथा करून पांढऱ्या कागदावर ठेवला, तर कडेने तामड्याचं लाल कडं उमटतं. लाल खड्यात ही युक्ती चालत नाही. तिथे भिंगातून सांधा शोधायचा: सांध्यात अडकलेले बुडबुडे आणि वरच्या-खालच्या भागांच्या चकाकीतला फरक.

सर्वांत फसवं कॉम्पोझिट, म्हणजे 'काच भरलेलं माणिक'. भेगाळलेल्या, हलक्या माणकाच्या भेगांत शिसं असलेली काच मुरवतात, म्हणजे भेगा दिसेनाशा होतात. खडा हलवला की आत निळसर चमक दिसते, बुडबुडेही दिसतात. लिंबाचा रस ही काच कोरतो. सोनाराची फुंकणी आणि पॉलिशचं आम्ल तर ती बिघडवतातच.

किंमतही यावरून ठरावी. समजा, चार कॅरेटच्या अशा खड्यात वजनाने चौथा हिस्सा काच आहे. माणकाच्या कॅरेटदराने घेतला तर एक कॅरेट काचेचे पैसे माणकाच्या भावाने गेले, आणि उरलेल्या तीन कॅरेटला चांगल्या माणकाचा दर लागला. म्हणून काच भरलेलं माणिक आणि जोडखडा नगावर घ्यावा. ज्योतीतलं माणिक काही तासांत तयार होतं, तेव्हा त्याला मजुरी आणि घडणीचेच पैसे. फ्लक्समध्ये, म्हणजे वितळलेल्या द्रावकात विरघळवून, महिनोन्महिने वाढवलेलं त्याहून महाग, तरी खाणीच्या भावाशी त्याचा संबंध नाही. काचेला काचेचाच भाव.

बिलावर नुसतं 'माणिक' लिहिलं की ते खाणीतलं समजलं जातं, म्हणून प्रकार सांगणारे शब्द नावाला चिकटून, त्याच आकाराच्या अक्षरांत हवेत. काच भरलेल्या खड्यासाठी मी असं लिहवून घेईन: "माणिक-काच संयुक्त खडा, शिसं असलेली काच भरलेली. आच आणि आम्ल लागू देऊ नये." हे वाक्य पुढे अंगठी दुरुस्त करणाऱ्या कारागिरालाही दाखवा.