लकीर, लकेर की ओघळ?

"राजवाड्याजवळच्या आमच्या घरातून संध्याकाळी पावसानं भिजलेल्या खिडकीचा फोटो काढला आणि चार ओळी सुचल्या:

काचेवर पावसाच्या
लकिरी त्या उतरती
दिवा लावला नाही मी
सांजा दारात थांबती

मुलगी म्हणते लकीर हिंदी, मराठीत लकेर. मग लकेरी करू का?"

ताई, नका करू! लकेर गाण्यातली असते, गवई घेतो ती, फार तर चेहऱ्यावर हसण्याची लकेर उमटते, पण ती क्षणात येऊन जाते, काचेवरून पाणी उतरतं त्याला लकेर नाही म्हणत. इंदूरला हे नेहमीचंच, हिंदी शब्द डोक्यात असतो आणि त्याच्यासारखा वाजणारा मराठी शब्द हाताला लागतो (मी स्वतः कितीदा पडलोय यात).

तुम्हाला हवाय तो शब्द ओघळ. रेघ आपण ओढतो, ती कोरडीही असते. धार हवेतून पडते, तांब्यातून, पागोळीतून. ओघळाला मात्र टेकायला काहीतरी लागतं, गाल, भिंत, बरणीची कड, काच. काचेवरचा थेंब आधी नुसता चिकटून बसतो, मग शेजारचा थेंब मिळून जड झाला की सुटतो, वाटेतले थेंब गिळत वाकडातिकडा खाली येतो, हेच ओघळणं. फोटोत पाणी थांबलेलं असतं ना म्हणून तुम्हाला ती लकीर वाटली असणार. हां, फोकस काचेवर नसून बाहेरच्या पावसावर असेल आणि शटर हळू पडून पाऊसच लांबट आला असेल तर मग त्या धारा, ओघळ नाहीत, एकदा फोटो नीट बघून घ्या.

आणि ओघळ इथे पुल्लिंगी, अश्रूंचा ओघळ, अश्रूंचे ओघळ, अनेकवचनात रूप बदलत नाही. म्हणजे "पावसाच्या"चं "पावसाचे" करावं लागेल. तुमची ओळ आठ अक्षरांची आहे, ती मोडत नाही. "ओघळ ते उतरती" बसतं, पण ओघळ म्हटल्यावर उतरणं आलंच की त्यात, "ते" तर नुसतं भरीला, म्हणून मी "वाट शोधती" घेईन.

शेवटच्या ओळीत जरा खटकलं. सांज एकटी असली की एकवचनी, सांज झाली, अनेकवचन येतं ते तिन्हीसांजा झाल्या असं. कातरवेळ पण चालली असती, पण ती हुरहुर आधीच सांगून टाकते. तिन्हीसांजेला घरात दिवा लागतो आणि तुम्ही तर तो लावलेलाच नाही, मग थांबण्यापेक्षा खोळंबणं बरं, कारण खोळंबा कुणामुळे तरी होतो:

काचेवर पावसाचे
ओघळ वाट शोधती
दिवा लावला नाही मी
तिन्हीसांजा खोळंबती

तिसऱ्या ओळीला हात लावला नाही, ती तशीच राहू द्या.