मेटफॉर्मिनने जुलाब होतात: गोळी कशी आणि कधी घ्यावी?

प्रश्न: "सासूबाई 58 वर्षांच्या, इंदूरला आमच्याकडेच असतात. दहा दिवसांपूर्वी शुगर निघाली आणि मेटफॉर्मिन 1000 सकाळ-संध्याकाळ सुरू झाली. तेव्हापासून पोटात मुरडा, मळमळ, दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौचाला. सकाळची गोळी सातला चहाबरोबर घेतात, नाश्ता दहाला. गोळी बंद करू का?"

कायमची बंद करण्याची वेळ बहुधा येणार नाही. तुम्ही लिहिलंय त्यातच दोन कारणं दिसतात: डोस पहिल्याच दिवशी 2000 वर गेला आणि सकाळची गोळी जवळजवळ रिकाम्या पोटी जाते.

मेटफॉर्मिन रक्तात पोहोचण्याआधी आतड्याच्या भिंतीत साठतं, आणि तिथलं त्याचं प्रमाण रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. शिवाय पित्तातली आम्लं एरवी लहान आतड्याच्या शेवटच्या भागात परत शोषली जातात, ते या औषधाने कमी होतं. ती मोठ्या आतड्यात उतरली की तिथे पाणी सुटतं आणि पातळ होतं. म्हणून हा त्रास जंतूंचा नसतो आणि त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. आतड्याला सवय व्हायला काही आठवडे लागतात, म्हणूनच डोस पायरीपायरीने चढवायचा असतो.

रूढ पद्धत अशी: पहिला आठवडा 500 ची एकच गोळी, रात्रीच्या जेवणात. पोट ठीक राहिलं तर दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी आणखी एक 500. पुढे गरजेप्रमाणे दर आठवड्याला 500 वाढवायचे. एखाद्या पायरीवर पोट बिघडलं तर एक पायरी खाली येऊन दोन आठवडे तिथेच थांबायचं. सासूबाईंचा डोस खाली आणून असाच पुन्हा चढवता येईल का, हे त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. तेवढ्या काळात उपाशीपोटीची शुगर थोडी जास्त दिसेल, तीही त्यांना कळवत राहा.

"जेवणाबरोबर" याचा अर्थ आपल्याकडे चहा-टोस्टबरोबर असा घेतला जातो, आणि तिथेच घोळ होतो. चहा म्हणजे जेवण नव्हे. सकाळची गोळी सातवरून दहाला न्या: अर्धी बशी पोहे खाऊन झाले की गोळी, मग उरलेले पोहे. रात्री दोन घास पोळी-भाजी पोटात गेल्यावर. जेवण उरकून तासाभराने आठवली तर तो फायदा राहत नाही. आणि पोट स्थिरावेपर्यंत पोह्यांवर शेव-जीरावण जरा हात आखडून घाला, नाहीतर दोष कुणाचा, गोळीचा की जीरावणाचा, ते कळणारच नाही.

एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांकडे हळूहळू सुटणारी गोळी मागा. पाकिटावर नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर किंवा पीआर असं असतं. ही गोळी पोटात फुगून चिकट गोळा बनते आणि औषध काही तासांत झिरपतं, त्यामुळे आतड्यावर एकदम मारा होत नाही. साध्या गोळीने हैराण झालेल्या बऱ्याच जणांना ही चालते. मात्र ती रात्रीच्या जेवणाबरोबर आणि अख्खी गिळायची. मोठी आहे म्हणून चावली किंवा कुटली तर सगळं औषध एकदम सुटतं, म्हणजे ती पुन्हा साधीच गोळी झाली. कधी शौचात मऊ टरफल दिसतं. औषध त्यातून निघून गेलेलं असतं, घाबरू नका. एकदम 1000 जड गेली तर 500-500 अशी दोन जेवणांत वाटता येते.

पाकीट एकदा नीट वाचा. त्यात मेटफॉर्मिनबरोबर व्होग्लिबोज हे शुगरचं दुसरं औषध असेल तर पोट फुगणं आणि गॅस बराचसा त्याच्यामुळे असू शकतो, आणि नुसती मेटफॉर्मिन बदलून तो जाणार नाही.

आता थांबायचं कधी ते. जुलाबांबरोबर उलट्या, ताप, लघवी कमी होणं, तोंड कोरडं पडून गळून जाणं असं झालं तर त्या दिवशी गोळी घेऊ नका आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडावर ताण येतो, आणि मेटफॉर्मिन तिथूनच बाहेर पडतं. ते साठलं तर रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका असतो, क्वचितच, पण गंभीर. मूत्रपिंडाचं काम दाखवणारी क्रिएटिनिन ही रक्ततपासणी झाली नसेल तर ती आधी करा. त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती गाळतं याचा आकडा, 30 च्या खाली असेल तर ही गोळी द्यायचीच नसते, आणि 45 च्या खाली असेल तर नव्याने सुरू करत नाहीत. शौचात रक्त दिसलं किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, तर गोळीवर खापर न फोडता वेगळी तपासणी हवी.