कंडेन्सर नवा, तरी मोटर नुसती घूं-घूं करते

कडबा कुट्टीची १ एचपी सिंगल फेज मोटर घूं-घूं करते, फिरत नाही. कंडेन्सर नवा टाकला तरी तेच. आता काय बघू?

आता सेंट्रीफ्युगल स्विच बघा, म्हणजे मोटर उठेपर्यंत स्टार्टिंग वाइंडिंग जोडून ठेवणारा आतला स्विच. आधी सप्लाय काढा, कंडेन्सर बल्बवरून डिस्चार्ज करा, पट्टा उतरवा. शाफ्ट हाताने मोकळा फिरत नसेल तर दोष बेअरिंगचा.

मोकळा फिरला तर मागचं झाकण उघडा. मोटर थांबलेली असताना स्विचचे पॉइंट जुळलेले हवेत. वेग साधारण ७५ टक्क्यांवर गेला की ते सुटतात. एक वायर काढून मल्टीमीटर लावा, जवळपास शून्य ओहम यायला हवा. चोपड्याकडच्या आमच्या मोटरीत मीटर हललाच नाही. पॉइंट काळे पडलेले, स्प्रिंगच्या सरकत्या चकतीत कुट्टीचा भुसा गच्च बसलेला. ब्रशने भुसा काढला, पॉइंटवर बारीक पॉलिश पेपर फिरवला, मोटर लगेच उठली. पॉइंटला खड्डे असतील तर मात्र स्विचच बदला.

स्विच ठीक निघाला तर नव्या कंडेन्सरचे मायक्रोफॅरड जुन्याच्या लेबलशी जुळवा. दुकानदार कधीकधी पंख्याचाही हातात देतो! तेही जुळलं तर स्टार्टिंग वाइंडिंग तुटलंय का ते तपासा.

आणि घूं-घूं चालू असताना बटण दाबून वाट बघू नका, वाइंडिंग जळेल.