२.९ टक्के सांगून ९ टक्के कापतायत?

प्रश्न: मी न्यू जर्सीत असते, मराठी अक्षरांच्या स्टिकर शीट्स स्वतःच्या साईटवर विकते. एक शीट ३ डॉलर, पोस्टेज १.५०. पेमेंट गेटवेची फी २.९% + ३० सेंट आहे. मागच्या महिन्याचा हिशोब केला तर विक्रीच्या ९-१०% फी गेलेली दिसते. काहीतरी चुकतंय का? मोठी विक्री झाली की रेट कमी करून मिळतो असं ऐकलं. शिवाय २ डॉलर महिना अशी वर्कशीटची मेंबरशिप काढायचा विचार आहे. ३ डॉलरची शीट बंद करू का?

उत्तर:

कुणी फसवत नाहीये, हिशोब बरोबर आहे तुमचा. आपण सगळे तो २.९ चा आकडा बघतो आणि पुढचे ३० सेंट चिल्लर म्हणून सोडून देतो, तिथेच गोची होते. मी चार वर्षं इथून राख्या विकतेय आणि पहिल्या सीझनला मला हे ऑगस्ट संपल्यावर कळलं, म्हणजे राख्या संपल्यावर.

आधी तुमची एक ऑर्डर नीट उलगडून बघू. शीट ३ आणि पोस्टेज १.५० म्हणजे ४.५०. त्यावर न्यू जर्सीचा ६.६२५% सेल्स टॅक्स, पोस्टेजवरही लागतो, म्हणजे ३० सेंट. गिऱ्हाईकाच्या कार्डावर पडले ४.८०. गेटवे फी लावतं ती या ४.८० वर, तुमच्या ३ वर नाही. म्हणजे जो टॅक्स तुम्ही सरकारला भरणार आणि जे पोस्टेज पोस्टात जाणार त्याच्यावरही तुम्ही फी भरताय. २.९ टक्क्यांचे १४ सेंट आणि वर ३० सेंट, झाले ४४. चव्वेचाळीस सेंट ४.८० चे ९ टक्के होतात, आला की नाही तुमचा आकडा.

पण हे ९ टक्केसुद्धा खरं दुखणं दाखवत नाहीत. छपाईचा खर्च तुम्ही लिहिला नाहीये म्हणून मी अंदाजाने धरते, तुमचे आकडे टाकून बघा: शीट छापायला १.१०, पाकीट आणि आतला पुठ्ठा ३५ सेंट, पोस्टेज १.५०. एकूण २.९५. ४.५० मधून ते गेले की उरतात १.५५. आता त्या १.५५ मधून ४४ सेंट जातात, म्हणजे जवळजवळ २८ टक्के, आणि तुमच्या हातात येतात १.११. फी नेहमी विक्रीशी नाही तर या उरलेल्या १.५५ शी लावून बघायची, कारण ती तिथूनच जाते, छापणारा किंवा पोस्टवाला काही त्यातला वाटा उचलत नाही.

स्प्रेडशीटमध्ये हे एकदाच मांडून ठेवा, A2 मध्ये गिऱ्हाईकाने भरलेली पूर्ण रक्कम (टॅक्स धरून) आणि B2 मध्ये फी सोडून बाकी सगळं वजा केल्यावर उरलेले पैसे:

```
C2: =ROUND(A2*2.9%+0.30, 2)
D2: =C2/B2
```

D च्या कॉलममध्ये २५ टक्क्यांच्या वर जे जे दिसेल त्याच्याकडे बघायचं. बाकी सोडून द्या.

आता ते ३० सेंट येतात कुठून, तर सगळेच गेटवेच्या खिशात जात नाहीत. कार्ड ज्या बँकेचं, ती बँक प्रत्येक व्यवहारामागे काहीतरी ठराविक घेतेच. इथे मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डला २०११ पासून कायद्याने कॅप आहे, २१ सेंट अधिक रकमेच्या ०.०५%, आणि फ्रॉड रोखायची व्यवस्था असेल तर अजून १ सेंट. म्हणजे तुमच्या ४.८० च्या ऑर्डरवर गेटवेलाच २२ सेंट बँकेला द्यावे लागू शकतात. गंमत म्हणजे हा कॅप दुकानदारांच्या फायद्यासाठी आणला होता. मोठ्या बिलांना झालाही फायदा, पण त्याआधी छोट्या बिलांना व्हिसा-मास्टरकार्डसारखी नेटवर्क जे कमी दर देत होती ते गेले आणि सगळ्यांना कॅपइतकाच दर लागू झाला. तो लाल डीव्हीडीचा डबा आठवतोय का ग्रोसरी स्टोअरबाहेरचा, रेडबॉक्स? त्यांनी त्याच वर्षी १ डॉलरचं भाडं १.२० केलं आणि कारणांमध्ये डेबिट कार्डाची फी सांगितली होती. त्यांची अख्खी विक्रीच एकेक डॉलरची, तुमच्याहून वाईट अवस्था.

म्हणून रेट कमी करून घ्यायच्या मागे लागू नका. समजा खूप भांडून २.९ चे २.७ करून घेतले, तर ४.८० वर एक सेंट वाचतो. परदेशी कार्डाला दीडेक टक्का जास्त लागतो त्याचीही चिंता नको, सात सेंटांचा मामला आहे. छोट्या ऑर्डरमध्ये टक्क्याने फरक पडत नाही, फरक पडतो तो ३० सेंट किती वेळा भरले त्याने. भारतात नेमकं उलट आहे, तिथे साधारण २% आणि त्या फीवर १८% जीएसटी, ठराविक रक्कम सहसा नसतेच, आणि यूपीआयवर २०२० पासून एमडीआर, म्हणजे दुकानदाराला लागणारी फी, शून्य. माझी नणंद पुण्यात ९९ रुपयांच्या वस्तू खुशाल एकेक विकते. मी तिचंच बघून इथे एकेक राखी विकायला लागले होते, तो शहाणपणा महाग पडला.

तर करायचं काय. ३० सेंट ऑर्डरला लागतात, शीटला नाही, त्यामुळे एका ऑर्डरमध्ये शीट्स वाढवायच्या. तीन शीट्स एकत्र घेतल्या तर ९ अधिक १.५० पोस्टेज, टॅक्ससकट ११.२०, फी ६२ सेंट. खर्च ५.१५ (पाकीट एकच, आणि पोस्टेज १.५० च राहील असं धरलंय, वजन करून बघा). हातात ४.७३. तीन वेगळ्या ऑर्डरी असत्या तर ३.३३ आले असते. जास्तीच्या १.४० मधले ७० सेंट फीचे वाचले आणि ७० पाकिटांचे, आणि गिऱ्हाईकाचंही दोनदाचं पोस्टेज वाचलं. यातले पन्नासेक सेंट त्यांना सूट म्हणून दिलेत तरी तुम्ही पुढेच.

याउलट सिंगल शीटवर कूपन कधीच द्यायचं नाही. २० टक्के सूट म्हणजे ६० सेंट, ऐकायला काहीच नाही. पण बिल ४.१६ झालं तरी फी ४४ ची ४२ च होते, आणि तुमचे १.११ चे ५३ सेंट होतात. निम्मे! मी पहिल्या वर्षी रक्षाबंधनाच्या आदल्या आठवड्यात असंच कूपन काढलं, ऑर्डरी धबाधबा आल्या, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पाकिटं भरली, आणि नवरा म्हणाला ताशी किती पडले ते काढू नकोस.

मेंबरशिपचं तर २ डॉलर महिना अजिबात करू नका. दोन डॉलरवर फी ३६ सेंट, १८ टक्के. वर्षाला बारा वेळा, म्हणजे २४ मधले ४.३२ गेले आणि उरले १९.६८. तेच वर्षाचे एकदम घ्या आणि ३ डॉलर सोडून २१ ला द्या, फी ९१ सेंट, उरले २०.०९. सूट देऊनही जास्त उरले. (काही ठिकाणी रिकरिंग बिलिंगचा वेगळा टक्का असतो, तो मी धरलाच नाहीये.) वर्षाचे एकदम द्यायला लोक कचरतात हे खरं, मग तीन महिन्यांचं ठेवा, पण महिन्याचं नको.

छोट्या रकमांसाठी वेगळा रेटही असतो, पेपालचा अमेरिकेतला मायक्रोपेमेंट दर ४.९९% अधिक ९ सेंट आहे. ४.८० वर ते ३३ सेंट होतात, म्हणजे ११ वाचले. पण हा दर खात्याला लागतो, ऑर्डरला नाही. बिल साधारण १० डॉलरच्या वर गेलं की तो तुमच्या आताच्या दरापेक्षा महाग. एखाद्या मराठी शाळेने ६० डॉलरची ऑर्डर टाकली की २.०४ ऐवजी ३.०८ गेले. तीन शीट्सचे सेट चालायला लागले तर तुम्हाला याची गरजच नाही, म्हणून आधी सेट करून बघा. आणि मंडळाच्या गणपतीत स्टॉल लावलात तर Zelle किंवा कॅश, तिथे कार्ड कशाला.

रिफंडचं एक सांगते कारण ते हिशोबात दिसत नाही. पूर्ण पैसे परत केले तरी बहुतेक गेटवे स्वतःची फी परत करत नाहीत. पाकीट हरवलं म्हणून ४.८० परत केलेत तर २.९५ चा माल आणि ४४ सेंट, एकूण ३.३९ चा फटका. त्याऐवजी दुसरी शीट पाठवली तर अजून २.९५ खर्च, पण विक्रीचे १.११ राहतात, म्हणजे तोटा १.८४. आधी नेहमी 'दुसरी पाठवू का?' असं विचारायचं, दहातले आठ लोक हो म्हणतात. आणि कुणी बँकेकडे डिस्प्यूट टाकला तर १५ डॉलरच्या आसपास वेगळी फी, तुमच्या चौदा शीट्सची कमाई. माझ्याकडे आलेले दोन्ही डिस्प्यूट एकाच कारणाने आले, कार्डाच्या स्टेटमेंटवर दुकानाऐवजी माझं आडनाव आणि काहीतरी आकडे दिसत होते, लोकांना वाटलं कार्ड चोरीला गेलं. सेटिंगमध्ये 'statement descriptor' नावाचा रकाना असतो, तिथे साईटचं नाव आजच टाका.

३ डॉलरची शीट बंद करायची का, तर बंद नको, एकटी विकू नका. सेटबरोबर अजून एक हवी असेल तर ३ ला द्या, तिथे तिच्यावर ३० सेंट लागत नाहीत, फक्त ९-१० सेंट जातात. मीही दुसऱ्या वर्षी कमीत कमी दोन राख्या असा नियम केला होता. लगेच एका काकूंचा मेल आला, 'अगं पण मला भाऊ एकच आहे'. मग एक राखी, कुंकू-अक्षतांची पुडी आणि एक छोटं कार्ड असा ८ डॉलरचा सेट काढला, आता सगळ्यात जास्त तोच जातो.