तो म्हणतो रडू दे, ती म्हणते उचल

"बाळ ८ महिन्यांचं आहे, रात्री ५-६ वेळा उठतं, अंगावर घेतल्याशिवाय झोपतच नाही. नवरा म्हणतो रडून रडून शिकेल आपोआप, मला ते ऐकवत नाही. रोज भांडणं होतायत, काय करू?"

मागच्या वर्षी अशीच एक जोडी आलेली माझ्याकडे, ठाण्याची, वन बीएचके आणि हॉलमध्ये आजी झोपायच्या. पहिल्याच भेटीत दोघांना वेगवेगळ्या कागदावर लिहायला लावलं, बाळ किती मिनिटं रडलेलं तुम्ही सहन करू शकता. तिने लिहिलं २, त्याने २०. मग ३ रात्री फक्त नोंद ठेवायला सांगितली, कधी उठलं, काय केल्यावर झोपलं. नोंदीतून कळलं की काही रात्री ती लगेच अंगावर घ्यायची, काही रात्री तो अडवायचा आणि पंचवीसेक मिनिटांनी ती रडवेली होऊन उचलायचीच. हे सगळ्यात वाईट हो, कारण बाळ यातून एवढंच शिकतं की अजून जोरात, अजून वेळ रडलं की मिळतं. कडक किंवा मऊ, दोन्ही चालतं, पण अर्ध्यात बदललेलं नाही चालत.

प्लॅन मधला ठरला. बाळाचं वजन नीट वाढतंय हे आधी डॉक्टरांकडून बघून घेतलं. शेवटचं दूध साडेआठला, लाइट चालू ठेवून, म्हणजे दूध पिता पिता डोळा लागायला नको. मग पेंगुळलेलं बाळ बाबाने पाळण्यात ठेवायचं आणि खुर्ची टाकून शेजारीच बसायचं, थोपटायचं, पण उचलायचं नाही. आई जवळ असली की बाळाला दूधच हवं असतं, म्हणून सुरुवातीला बाबा. दर ३ रात्रींनी खुर्ची थोडी लांब. रात्री २ नंतर एक फीड ठेवलं, ती तिची अट होती. त्याची अट ही की रात्री प्लॅन बदलायचा नाही, काय वाद घालायचा तो सकाळच्या चहाला. ताप, उलटी, कानदुखी असली तर मात्र सगळं बंद, बरं वाटल्यावर परत सुरू.

तिसऱ्या रात्री सगळ्यात जास्त रडलं, तसं होतंच बऱ्याचदा, आणि नेमक्या आजी आत येऊन घेऊन गेल्या 😅 दुसऱ्या दिवशी आजींना समोर बसवून प्लॅन सांगावा लागला, हे मी आधीच करायला हवं होतं, चूक माझी. मग परत पहिल्या रात्रीपासून मोजलं. बाराव्या रात्रीपर्यंत बाळ एकदाच उठायला लागलं, तीनच्या आसपास, दुधासाठी. आजी अजून म्हणतात मूल मोठं झालं म्हणून झोपायला लागलं. थोडं तेही असेल.